थंड व कोरड्या जागी

बिस्किटाच्या पुड्यात अळी निघाली की घरात आधी ऐकू येते ती ‘शी!’ आणि त्यापाठोपाठ पुडा केराच्या डब्यात आपटल्याचा आवाज. पुढचा तासभर मग घरातला प्रत्येक जण शेजाऱ्यापाजाऱ्यांना अळीचं वर्णन ऐकवतो. दर वर्णनागणिक ती बोटभर वाढते, तिला डोळे फुटतात, आणि संध्याकाळपर्यंत ती बोलायची तेवढी बाकी राहते. तक्रार करायची कल्पना सुचते दुसऱ्या दिवशी, घंटागाडी येऊन गेल्यावर. माझं म्हणणं असं की या सगळ्या प्रकरणात अळी ही सर्वांत कच्ची साक्षीदार आहे. ती कारखान्यातली, गोदामातली, दुकानातली की आपल्याच स्वयंपाकघरातल्या रव्याच्या डब्यातली, हे तिच्या तोंडाकडे बघून कोणालाही सांगता येत नाही. खरी साक्ष देतो तो पुडा. त्यावरचा बॅच नंबर, त्याची चिकटवलेली टोकं, त्यावर छापलेली ‘कसे ठेवावे’ची सूचना आणि तो कुठे किती दिवस पडून होता याचा हिशोब, या चार गोष्टींवर प्रकरण उभं राहतं किंवा कोसळतं. आपण मात्र पुडा फेकतो आणि अळीची वरात काढतो.

उदाहरणाला साकोली घेऊ. मुंबई-कोलकाता महामार्गावरचं भंडारा जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव. भोवती धानाची बांधी आणि तळी, जिल्ह्याचं ठिकाण चाळीसेक किलोमीटरवर, नागपूर शंभरेक. समजा, इथल्या एका किराणा दुकानातून एप्रिलअखेर कोणी दहा रुपयांचा बिस्किटाचा पुडा घेतला. पॅकिंग मागच्या सप्टेंबरचं, म्हणजे मुदत अजून शिल्लक. चहा ओतला, पुडा फोडला, आणि तिसऱ्या बिस्किटाखाली पांढुरकी अळी, तिच्याभोवती थोडी रेशमी जाळी. आता तक्रारीत लिहायला बॅच नंबर हवा, तर तो सापडत नाही. कारण तो बहुधा पुड्याच्या चिकटवलेल्या टोकाजवळ शाईच्या बारीक ठिपक्यांनी मारलेला असतो, आणि पुडा फोडायला आपण तेच टोक दातात धरतो. म्हणजे कारखान्याने जिथे नाव-गाव लिहिलं, तिथूनच आपण सुरुवात करतो. टोक वाचलंच तरी ती शाई गुळगुळीत प्लास्टिकवर बसलेली असते. तेलकट अंगठा दोनदा फिरला की ३ चा ८ होतो आणि ८ चा डाग. पुष्कळ जण मग हाताला लागतो तो मोठा चौदा आकडी क्रमांक उतरवून काढतात. तो अन्न परवान्याचा क्रमांक. कारखाना कोणाचा ते तो सांगतो, पण त्या कारखान्यातून निघालेल्या लाखो पुड्यांवर तोच असतो. त्याच्या आधारे अमुक पुडा शोधायचा म्हणजे आडनावावरून माणूस शोधायचा, तोही आडनाव मेश्राम असताना. मोठ्या कंपन्यांच्या पुड्यावर तर दोन-चार कारखान्यांचे पत्ते आणि परवाने एकाखाली एक छापलेले असतात आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की माल कुठला, ते बॅच नंबरच्या पहिल्या अक्षरावरून ओळखावं. ते पहिलं अक्षर सध्या आपल्या दातात आहे.

बॅच नंबरचा अर्थ आपल्याला लावता आला पाहिजे असं नाही. कारखाना, दिवस, पाळी, यंत्र अशा गोष्टी त्यात गुंफलेल्या असतात आणि प्रत्येक कंपनीची लिपी वेगळी. आपलं काम तो जसाच्या तसा जपण्याचं आहे, कारण त्याचा उपयोग वाचण्यापेक्षा जुळवण्यासाठी जास्त होतो. हे कसं, ते पुढे येतंच. त्याआधी पुड्यावरच्या दुसऱ्या ओळीकडे वळू, कारण कंपनीचा सगळा बचाव तिच्यात साठवलेला असतो. ती ओळ म्हणजे ‘थंड व कोरड्या जागी ठेवा’. तक्रार गेली की पंधरवड्यात नम्र उत्तर येतं: आमच्या कारखान्यात स्वच्छतेचे कडक नियम पाळले जातात, सदर दोष साठवणुकीतला दिसतो. अर्थात, अळी आमची नाही, दुकानदाराची आहे; आणि दुकानदाराची नसेल तर तुमची.

आता साकोलीत थंड व कोरडी जागा कुठे आणि कधी मिळते ते पाहू. मे महिन्यात जागा कोरडी मिळते, इतकी कोरडी की ओठ फुटावेत. पण पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो आणि टिनाच्या छपराखालच्या दुकानात चॉकलेट पुड्यात न राहता पुड्यासारखं होतं. (कोकोचं लोणी चौतीस अंशांच्या आसपास वितळतं. मग रात्री ते पुन्हा गोठतं आणि चॉकलेटवर पांढरट थर येतो. त्याला बुरशी समजून दरसाल कितीतरी तक्रारी होतात. तो थर चॉकलेटच्याच स्निग्धांशाचा असतो. चव बिघडते, पोट बिघडत नाही.) जुलै-ऑगस्टात हवा जरा नरमते, पण मग कोरडेपणा गावात औषधाला मिळत नाही, मीठ पाझरतं, आगपेटी रुसते आणि पापड वाळत घालणारी बाई आभाळाला बोल लावते. थंड आणि कोरडं या दोन्ही अटी एकदम पुऱ्या होतात त्या डिसेंबर-जानेवारीत. म्हणजे कंपनीची सूचना पाळायची तर साकोलीच्या दुकानदाराने बिस्किटं थंडीत विकावीत आणि बाकी दहा महिने हनुमान चालिसा म्हणत बसावं. हा विनोद म्हणून सोडून देता येईल, पण मुद्दा गंभीर आहे. ज्या अटीवर माल टिकतो ती अट जिथे माल विकायचा तिथे पुरी होणारच नसेल आणि कंपनीला ते ठाऊक असेल, तर ‘साठवणूक चुकली’ हे उत्तर पुरत नाही. उन्हाळा साकोलीने यंदा नव्याने आणलेला नाही.

हा वाद महाराष्ट्रात एकदा चांगलाच गाजला होता. ऑक्टोबर २००३ मध्ये, दिवाळी तोंडावर असताना, मुंबईत कॅडबरीच्या डेअरी मिल्क चॉकलेटात अळ्या निघाल्याच्या तक्रारी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे आल्या. कंपनीचं पहिलं म्हणणं अगदी आपल्या ओळखीचं: कारखान्यात काही गडबड नाही, दुकानांत माल नीट ठेवला गेला नाही. प्रशासनाने ते जसंच्या तसं गिळलं नाही. त्यांचा प्रश्न साधा होता. दुकानात कीड लागली असं धरलं, तरी ती आत गेली कशी? वेष्टन हवाबंद का नव्हतं? तेव्हाचं वेष्टन म्हणजे चांदीसारखा कागद नुसता घडी घालून गुंडाळलेला आणि वर छापील कागदाची पट्टी. घडीतून मुंगी जाते, तिथे नुकतीच अंड्यातून निघालेली, केसाएवढी अळी तर मिरवत जाईल. कंपनीने दुकानदारांना साठवणुकीचे धडे द्यायची मोहीम काढली खरी. पण जानेवारी २००४ मध्ये जे नवं वेष्टन बाजारात आलं ते सगळ्या बाजूंनी उष्णतेने चिकटवलेलं होतं, आणि अमिताभ बच्चन जाहिरातीतून लोकांना विश्वास देऊ लागले. मला यातलं वेष्टन अमिताभपेक्षा महत्त्वाचं वाटतं. दोष नुसता दुकानदाराचा असता तर नव्या यंत्रांवर पैसा घालायची गरज नव्हती, दुकानदाराला एक फ्रिज आणि एक दम दिला असता तरी भागलं असतं. माल घरापर्यंत ज्या वाटेने जाणार ती वाट बघून वेष्टन करावं लागतं, हे त्या वेळी कंपनीने तोंडाने नाही तरी यंत्राने कबूल केलं.

तरीही कंपनीची बाजू अगदीच पोकळ आहे असं नाही, आणि इथेच तक्रारदाराची गाडी रुळावरून घसरते. साकोली हा धानाचा मुलूख. किराणा दुकानात तांदळाचे कट्टे, रवा, बेसन, डाळी उघड्या पोत्यांत, आणि बिस्किटांचे खोके त्या पोत्यांना टेकून ठेवलेले. पोतं जागेवरून हलत नाही, आणि खोकंही रिकामं होईपर्यंत तिथेच. इथल्या कोणत्याही गृहिणीला टोके, सोंडे, पोरकिडे आणि जाळी धरणारं पाखरू यांची ओळख पुस्तकाशिवाय असते. त्यातले काही प्लास्टिक कुरतडून आत शिरतात, काही फक्त असलेल्या फटीचा फायदा घेतात. तेव्हा कीड दुकानातून गेली असणं सहज शक्य आहे, आणि ‘काही झालं तरी कंपनीच चोर’ हा आपला आवडता निकाल पुराव्याआधीच लागलेला असतो. मग ठरवायचं कसं? इथे बॅच नंबर कामाला येतो. तोच नंबर असलेले पुडे लाखनीत, तुमसरात, भंडाऱ्यात वेगवेगळ्या दुकानांत असतील. तिथल्या न फोडलेल्या पुड्यांतही तीच अळी, तीच जाळी निघाली, तर दुकानदार सुटला. दोष वरून, कारखान्यातून किंवा घाऊक गोदामातून, आला. उलट, साकोलीच्या त्याच दुकानात तीन वेगळ्या कंपन्यांच्या तीन वेगळ्या बॅचच्या पुड्यांत कीड निघाली आणि लाखनीत त्याच बॅचचा माल स्वच्छ असेल, तर दुकानदाराने रव्याच्या पोत्याकडे बघावं. सगळा वाद सोडवणारी तपासणी एवढीच आहे. बॅच तीच ठेवून दुकानं बदलायची, आणि दुकान तेच ठेवून बॅचा बदलायच्या. बॅच नंबर नसेल तर दोन्ही दारं बंद.

अळीलाही थोडं बोलू द्यायला हरकत नाही, पण तिचं बोलणं ऐकण्याची एक रीत आहे. रव्याला जाळी धरणाऱ्या पाखरांचा अंड्यापासून पाखरापर्यंतचा फेरा उष्ण हवेत साधारण महिना-दीड महिन्यात पुरा होतो. आपला पुडा सप्टेंबरचा, अळी निघाली एप्रिलच्या शेवटी. म्हणजे ही जिवंत अळी काही कारखान्यातून आलेली नाही. आलेली असेल तर तिची पणजी. पणजी खरोखर होती का, ते पुडा सांगतो. आत टाकलेल्या काती, मेलेलं पाखरू, बिस्किटांची भुकटी, विष्ठेचे कण असा पिढ्यान्‌पिढ्यांचा संसार असेल तर मुक्काम जुना आहे. एकटी टवटवीत अळी, जाळीचे चार धागे आणि बाकी सगळं कोरं असेल तर पाहुणी अलीकडची. मग भोक. कीड बाहेरून आत कुरतडत गेली असेल तर खरवडल्याच्या खुणा बाहेरच्या बाजूला असतात, आतून बाहेर आली असेल तर आतल्या बाजूला. साधं भिंग पुरतं, मात्र पुडा चुरगळलेला नसावा. भोकच नाही म्हणून कारखाना दोषी, असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी पुन्हा ते चिकटवलेलं टोक बघावं. शिवण एका सुरकुतीपुरती उघडी राहिली असेल तर बाळ-अळीला तेवढी वाट राजमार्गाएवढी असते.

प्रयोगशाळेत आणखी एक सुंदर प्रश्न विचारता येतो: ही बिस्किटाबरोबर भाजली गेली होती का? किड्यांच्या शरीरात कॅटलेज नावाचं द्रव्य असतं, ते हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब पडला की फसफसतं. भट्टीची आच लागली की ते मरतं. तेव्हा अळी फसफसली तर ती भट्टीतून गेलेली नाही, म्हणजे भाजल्यानंतर केव्हातरी आली. पण ती फसफसली नाही, तर ‘बघा, भाजली गेली होती!’ असं ओरडता येत नाही, कारण फार दिवस सुकत पडलेल्या किड्यातलं ते द्रव्यही आपोआप संपतं. म्हणजे उत्तर एका बाजूनेच पक्कं मिळतं, आणि तेही अळी किती ताजी जपली यावर अवलंबून. केराच्या डब्यातून दोन दिवसांनी उकरून काढलेली अळी या परीक्षेला बसूच शकत नाही.

म्हणून नमुना जपणं हा या सगळ्याचा कणा आहे, आणि आपली वागणूक नेमकी इथेच अजब होते. एकजण अळी चिमटीत धरून धुऊन बघतो. दुसरा तिला पुराव्यासाठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारतो. ती ज्या जातीची आहे तिला प्लास्टिक कुरतडणं रोजचं, सकाळी पिशवीला भोक आणि साक्षीदार फरार. तिसरा पुडा तसाच उघडा ओट्यावर ठेवतो, आठवड्याने त्यात मुंग्या, एक झुरळ आणि घरच्याच रव्यातले पोरकिडे सामील होतात, आणि तक्रारीत एका अळीचं अख्खं शिष्टमंडळ होतं. करायचं खरं तर थोडंच आहे. खाणं थांबवायचं, काही हलवायचं नाही, आणि त्याच जागी पुड्याचे सगळ्या बाजूंनी फोटो घ्यायचे. पहिला फोटो बॅच नंबरचा, तारखेसकट, तो पुसण्याआधी. फाडलेलं टोक शोधून आणायचं. मग पुडा, उरलेली बिस्किटं, अळी आणि टोक असं सगळं एकत्र, जसंच्या तसं, घट्ट झाकणाच्या काचेच्या स्वच्छ बरणीत. झाकणावरून कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर तारीख, वेळ, कोणी फोडलं, कुठून घेतलं, आणि सही अशी मारायची की अर्धी पट्टीवर, अर्धी काचेवर येईल. नंतर बरणी फ्रीजरमध्ये. तिथे अळी मरते, वाढत नाही, तिची अंडी फुटत नाहीत आणि ‘तुमच्या घरात पैदास झाली’ म्हणायला जागा राहत नाही. काच, खिळा, दोरा असलं काही निघालं असेल तर फ्रीजरची गरज नाही, फक्त ते चिकटलं आहे तिथून ओढून काढू नये. बिस्किटात भाजलेला दोरा आणि बिस्किटावर ठेवलेला दोरा यांत जो फरक आहे तो त्या चिकटण्यातच आहे. घरच्यांना बरणीत काय आहे ते सांगून ठेवलेलं बरं, हा सल्ला कायद्याच्या पुस्तकात नाही.

बिलाचं काय, हा प्रश्न साकोलीत कोणी विचारला तर दुकानदार आधी वर बघतो. दहा रुपयांना बिल मागणारा माणूस आयकरातला असावा असा त्याचा समज होतो. पण मोबाइलवरून पैसे दिले असतील तर रक्कम, वेळ आणि दुकानाचं नाव तिथे राहतं, ते कामाचं. छापील पावती मिळाली तर ती बहुधा उष्णतेवर छापणाऱ्या कागदाची असते. आपल्या उन्हाळ्यात आधी ती काळवंडते आणि मग आपला चेहरा. तिची झेरॉक्स त्याच दिवशी काढावी.

आता कायद्याच्या दारात जाऊ, कारण तिथे विनोद लिहावा लागत नाही, छापूनच आलेला असतो. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चं कलम ४० म्हणतं की कोणत्याही ग्राहकाला शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येईल. उत्तम. मात्र अट अशी की, तपासणी करवून घेण्याचा आपला इरादा त्याने खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगितला पाहिजे. म्हणजे साकोलीच्या दुकानात उभं राहून म्हणायचं, ‘भाऊ, एक बिस्किटाचा पुडा द्या, मला तो प्रयोगशाळेत पाठवायचा आहे.’ यावर कोणताही शहाणा दुकानदार म्हणेल, ‘मंग नोको घेऊ ना बावा!’ अळी निघाल्यावर हे कलम उपयोगाचं नाही असं वाटतं, पण जरा थांबा, त्याच बॅचचा दुसरा पुडा घ्यायला जाताना ते अगदी कामाचं आहे. दुसरा रस्ता अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला कळवण्याचा. तो नमुना घेतो तेव्हा त्याला त्याचे चार भाग करावे लागतात: एक विश्लेषकाकडे, बाकीचे पुढच्या वादासाठी राखून. तेलाचे, डाळीचे चार भाग होतात. एका अळीचे चार समान भाग करून प्रत्येकावर मोहर लावायची कल्पना कायदा लिहिणाऱ्यांच्या मनात आली नसावी. म्हणून अधिकारी आपल्या उघड्या पुड्यापेक्षा दुकानातल्या त्याच बॅचच्या न फोडलेल्या पुड्यांना हात घालतो, आणि ते त्याने जितक्या लवकर करावं तितकं बरं, कारण तक्रारीची कुणकुण लागताच खोकं परत जायची सवय बाजाराला आहे. अन्नात बाह्य वस्तू निघाल्याबद्दल कलम ५४ खाली एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. तो सरकारात जमा होतो, आपल्या खिशात नाही.

आपल्याला भरपाई हवी असेल तर दार वेगळं, जिल्हा ग्राहक आयोगाचं. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे भंडाऱ्यातच, तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. पण दोष तपासणीशिवाय ठरण्यासारखा नसेल तर आयोग नमुना मागवून, सीलबंद करून, योग्य प्रयोगशाळेकडे पाठवतो, आणि त्याचं शुल्क आधी तक्रारदाराकडून भरून घेऊ शकतो. इथे पुष्कळ तक्रारी आपटतात. आयोग नमुना मागतो आणि तक्रारदार मोबाइल पुढे करतो.

मोबाइलवाल्यांचा आक्षेप असा की फोटो आहे, व्हिडिओ आहे, अळी त्यात वळवळताना दिसते, आणखी काय पाहिजे? व्हिडिओवरून एवढंच कळतं की एक अळी आणि एक पुडा अमुक वेळी एकमेकांजवळ होते. त्यांचं नातं त्यात दिसत नाही. आणि कंपनीला हा संशय घ्यायचा हक्क आहे, कारण पैसे उकळायला किडे पेरणारे महाभागही याच देशात राहतात. प्रामाणिक तक्रारदाराला त्यांच्यापासून वेगळं काढणाऱ्या गोष्टी दोनच, त्याच बॅचचा न फोडलेला पुडा आणि सीलबंद बरणी. जून २०२४ मध्ये मुंबईत मालाडला आइस्क्रीमच्या कोनात माणसाच्या बोटाचा तुकडा निघाला, तेव्हा ग्राहकाने तो फेकला नाही, बर्फात ठेवून पोलिस ठाण्यात नेला. कोनावरच्या पॅकिंगच्या तारखेवरून तपास इंदापूरच्या कारखान्यापर्यंत गेला, तिथे त्याच सुमारास एका कामगाराच्या बोटाला अपघात झालेला होता, आणि डीएनएने ते जुळलं. ती हसण्याची गोष्ट नाही. पण त्यातही डीएनएच्या आधी तारखेने वाट दाखवली. आणि अळीला तर डीएनएवरून विचारायला कोणी नातेवाईकच नसतो.

यावर कोणी म्हणेल की जगप्रसिद्ध खटला तर नमुन्याशिवायच जिंकला गेला. बरोबर आहे, अर्धवट. १९२८ साली स्कॉटलंडमधल्या पेझली गावात एका बाईंनी मैत्रिणीने घेऊन दिलेलं आल्याचं पेय काळपट काचेच्या बाटलीतून प्यायलं आणि उरलेलं ओतताना त्यातून कुजलेली गोगलगाय पडली, असं त्यांचं म्हणणं. १९३२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्‌सने ठरवलं की बाटली भरणाऱ्याची जबाबदारी थेट पिणाऱ्यापर्यंत पोचते, कारण मधल्या कोणालाच आत बघता येत नव्हतं. जगभरचे कायद्याचे विद्यार्थी आजही त्या गोगलगायीवर पेपर सोडवतात. पण निकाल होता तो ‘गोगलगाय असली तर’ एवढ्यावर. ती खरंच होती का, याची चौकशी झालीच नाही. बाटली भरणारा वारला आणि प्रकरण तडजोडीत मिटलं. तत्त्व मिळालं, गोगलगाय सिद्ध झाली नाही. आपल्याकडे तत्त्व केव्हाच मिळालेलं आहे, कायद्यात छापून; उरली आहे ती गोगलगाय, आणि ती सिद्ध करायची जबाबदारी पहिल्या फेरीत आपली आहे.

शेवटचा आणि सगळ्यात खरा आक्षेप: दहा रुपयांच्या पुड्यासाठी एवढं कोण करतो? कोणी नाही, आणि कंपनीच्या हिशोबात ते धरलेलं असतं. ती प्रतिनिधी पाठवते. तो गोड बोलतो, भेट म्हणून बिस्किटांचा खोका देतो आणि ‘तपासणीसाठी’ आपली बरणी घेऊन जातो. त्यानंतर बरणी कोणी पाहिलेली नसते. त्याला फोटो द्यावेत, बॅच नंबर द्यावा, चहाही द्यावा. बरणी मात्र अन्न सुरक्षा अधिकाऱ्याशिवाय किंवा आयोगाशिवाय कोणाला देऊ नये, आणि तपासायला थोडा भाग दिलाच तर किती दिला त्याची त्याच्याकडून सहीनिशी पोच घ्यावी. दुकानदाराचं वागणं याहून सरळ असतं. पुडा दाखवताच तो हळहळतो आणि त्याच खोक्यातला दुसरा काढून देतो, ‘घ्या, हा नेऊन खा.’ बहुतेक लोक इथे शांत होतात, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. तो बदली पुडा त्याच बॅचचा असण्याची शक्यता सगळ्यात जास्त, न फोडलेला, दुकानदाराने स्वतःच्या हाताने दिलेला. नंबर जुळवून बघावा, त्याच्यावरही पट्टी चिकटवून तारीख घालावी आणि बरणीच्या शेजारी ठेवावा. मात्र घरात पाहुणे येण्याआधी, कारण साकोलीत चहाबरोबर काहीतरी पुढे केल्याशिवाय चालत नाही.